विश्लेषण : पॅन निष्क्रिय विकणाऱ्याचे, लाखोंची नोटीस मात्र घर घेणाऱ्याला, असे का होते?

पुण्यात जुन्या फ्लॅटचा व्यवहार ठरला की खरेदीदार इंडेक्स टू पाहतो, सोसायटीचे ना हरकत पत्र मागतो, वकिलाकडून शोध अहवाल घेतो. विकणाऱ्याचे पॅनकार्डही घेतले जाते, पण त्यावरचा क्रमांक दस्तात उतरवला की ते काम संपले असे सगळे समजतात. ते पॅन आधारशी जोडलेले आहे का आणि आयकर विभागाच्या पडद्यावर ते सक्रिय दिसते का, हे फार थोडे जण तपासतात. ते निष्क्रिय निघाले तर व्यवहार पूर्ण झाल्यानंतर काही महिन्यांनी नोटीस येते. ती येते घर घेणाऱ्याच्या नावावर आणि तिच्यातली रक्कम काही लाखांची असू शकते.

निष्क्रिय पॅनचे इतरही परिणाम आहेत. पण सर्वांत मोठा आकडा घराच्या व्यवहारात दिसतो आणि तो भुर्दंड अशा माणसाला बसतो, ज्याचे स्वतःचे पॅन अगदी व्यवस्थित आहे. म्हणून आधी नियम पाहू आणि मग एक व्यवहार आकड्यांसह तपासू.

'इनऑपरेटिव्ह' म्हणजे नेमके काय?

आयकर कायद्यात २०१७ मध्ये कलम १३९एए आले आणि पॅन आधारशी जोडणे बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये आधारविषयीच्या निकालात हे कलम वैध ठरवले. मुदत अनेकदा वाढली. ३१ मार्च २०२२ पर्यंत जोडणी मोफत होती, त्यानंतर तीन महिने ५०० रुपये आणि १ जुलै २०२२ पासून १,००० रुपये शुल्क लागू झाले. शेवटची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२३ ला संपली. १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली.

ज्यांनी आधार क्रमांक मिळण्यापूर्वी, केवळ आधारच्या नोंदणी पावतीवरील क्रमांक देऊन १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी पॅन काढले होते, त्यांच्यासाठी वेगळी मुदत होती. तीही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली.

निष्क्रिय पॅन म्हणजे रद्द झालेले पॅन नव्हे. क्रमांक तोच राहतो आणि त्यावर विवरणपत्रही भरता येते. हे आयकर विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. बँक खातेही केवळ या कारणाने बंद पडत नाही. पगार जमा होतो, यूपीआय चालते. त्यामुळेच अनेकांना आपले पॅन निष्क्रिय असल्याचा वर्षानुवर्षे पत्ताच लागत नाही.

नियम ११४एएए मार्च २०२३ मध्ये बदलला आणि परिणाम नेमके ठरले. पॅन निष्क्रिय असेपर्यंत आयकर परतावा मिळत नाही. त्या काळाचे परताव्यावरील व्याजही मिळत नाही, म्हणजे पुढे पॅन सक्रिय झाले तरी मधल्या महिन्यांचे व्याज बुडते. तुम्हाला मिळणाऱ्या रकमेवर टीडीएस जास्त दराने कापला जातो आणि तुमच्याकडून टीसीएसही जास्त दराने घेतला जातो.

जास्त दर म्हणजे किती?

येथे कलम २०६एए लागते. देणाऱ्याला पॅन दिलेच नाही असे धरून टीडीएस कापला जातो. नेहमीचा दर किंवा २० टक्के, यांतला जो जास्त असेल तो लागतो.

मुदत ठेवीवरील व्याजाचा नेहमीचा दर १० टक्के आहे. १० लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार रुपये व्याज मिळत असेल, तर ७ हजारांऐवजी १४ हजार कापले जातील. उत्पन्न करपात्र नाही म्हणून १५जी किंवा १५एच अर्ज दिला तरी चालणार नाही, कारण वैध पॅनशिवाय तो ग्राह्य धरला जात नाही. कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत मागावेत, तर परतावाही अडकलेला असतो.

ठेवीवर दर दुप्पट होतो, पण घरविक्रीत तो एकदम वीसपट होतो. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेवर खरेदीदाराने कलम १९४-आयए खाली १ टक्का टीडीएस कापायचा असतो. विक्रेत्याचे पॅन निष्क्रिय असेल तर तो २० टक्के होतो. पुण्यात दोन खोल्यांचा जुना फ्लॅटही ५० लाखांच्या पुढे जातो, त्यामुळे हा प्रश्न मध्यमवर्गीय व्यवहारांचाच आहे.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, कोथरूडमधला एक फ्लॅट आहे. आईवडिलांच्या पश्चात तो भाऊ आणि बहीण यांच्या नावावर निम्मा-निम्मा झाला. ७० लाखांना सौदा ठरला. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी साठेखत झाले आणि खरेदीदाराने १० लाख दिले. उरलेले ६० लाख गृहकर्जातून १८ डिसेंबरला दिले गेले. दोन्ही वेळा निम्मी रक्कम भावाला, निम्मी बहिणीला.

प्रत्येकाचा वाटा ३५ लाखांचाच आहे, मग टीडीएस कशाला, असे वाटू शकते. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून विक्रेते अनेक असले तरी मालमत्तेची एकूण किंमत धरली जाते. म्हणून खरेदीदाराने दोघांच्या रकमेतून १ टक्का कापला आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र २६क्यूबी अर्ज भरला. बहिणीच्या वाट्यातून नोव्हेंबरमध्ये ५ हजार आणि डिसेंबरमध्ये ३० हजार कापले गेले.

बहिणीने पॅन फार पूर्वी, एका ठेवीसाठी काढले होते. उत्पन्न करपात्र नसल्याने विवरणपत्र कधी भरले नाही. पॅन आधारशी जोडलेले नाही हे तिच्याही लक्षात नव्हते.

२६क्यूबीची छाननी संगणकावर होते. तेथे बहिणीचे पॅन निष्क्रिय दिसते आणि यंत्रणा २० टक्क्यांनी हिशोब मांडते. नोव्हेंबरच्या ५ लाखांवर १ लाख हवे होते, आले ५ हजार. तूट ९५ हजार. डिसेंबरच्या ३० लाखांवर ६ लाख हवे होते, आले ३० हजार. तूट ५ लाख ७० हजार. एकूण ६ लाख ६५ हजार रुपये कमी कापल्याची सूचना निघते, त्यावर महिन्याला १ टक्का व्याजही धरले जाते. सूचना निघते खरेदीदाराच्या नावे, कारण कर कापण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आहे.

भावाचे पॅन सक्रिय असल्याने त्याच्या वाट्याबाबत काही निघत नाही. सहमालक तीन-चार असतील तर प्रत्येकाचे पॅन वेगळे तपासावे लागते, ते यासाठी.

पैसे भरावेच लागतात का?

नाही, पण वेळ मोजकी असते. अशा नोटिसा गेल्यावर तक्रारी झाल्या आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने दोनदा सवलत दिली. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या व्यवहारांसाठी पॅन सक्रिय करायला ३१ मेपर्यंत वेळ दिला. त्यानंतर २१ जुलै २०२५ चे परिपत्रक क्रमांक ९ आले. १ एप्रिल २०२४ ते ३१ जुलै २०२५ या काळात दिलेल्या रकमांसाठी पॅन ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत सक्रिय होणे आवश्यक होते. ती मुदत संपली आहे.

सध्याच्या व्यवहारांसाठी महत्त्वाचा आहे तो याच परिपत्रकाचा दुसरा भाग. १ ऑगस्ट २०२५ किंवा त्यानंतर रक्कम दिली असेल, तर ज्या महिन्यात ती दिली किंवा जमा केली, तो महिना संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत पॅन सक्रिय झाले पाहिजे. तसे झाले तर खरेदीदाराला जास्त दराच्या फरकासाठी जबाबदार धरले जात नाही. नेहमीचा १ टक्का मात्र कापलेला हवाच.

आपल्या उदाहरणात नोव्हेंबरच्या रकमेची मुदत ३१ जानेवारी २०२६ आणि डिसेंबरच्या रकमेची २८ फेब्रुवारी २०२६. व्यवहार एकच असला तरी प्रत्येक हप्त्याचे घड्याळ वेगळे चालते.

परिपत्रकातली अट आहे पॅन 'सक्रिय' होण्याची, केवळ जोडणीचा अर्ज करण्याची नाही. जोडणीची माहिती दिल्यानंतर पॅन सक्रिय व्हायला नियमानुसार ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. बहिणीने १० जानेवारीला जोडणी केली तर पॅन ९ फेब्रुवारीपर्यंत केव्हाही सक्रिय होईल. ते लवकर झाले तर दोन्ही हप्ते वाचतील. पूर्ण ३० दिवस लागले तर डिसेंबरचे ५ लाख ७० हजार वाचतील, नोव्हेंबरचे ९५ हजार अंगावर येतील. म्हणजे हाताशी दोन महिने दिसले तरी बिनधोक काळ त्यातला पहिला महिनाच असतो.

नोटीस आलीच तर?

आधी रक्कम दिल्याचा महिना आणि पॅन सक्रिय झाल्याची तारीख जुळवून पाहावी. पॅन मुदतीत सक्रिय झाले असेल तर ट्रेसेस संकेतस्थळावर मागणी तपासून, परिपत्रक क्रमांक ९/२०२५ चा हवाला देऊन ती मागे घेण्याची विनंती करावी. सोबत पॅन सक्रिय दाखवणाऱ्या पडद्याची प्रत आणि बँकेतून रक्कम गेल्याचा पुरावा ठेवावा. अशा सूचनेविरुद्ध ३० दिवसांत आयकर आयुक्तांकडे (अपील) दादही मागता येते. पत्रव्यवहार सुरू आहे म्हणून हे ३० दिवस हातचे घालवू नयेत.

मुदत उलटून गेली असेल तर खरेदीदार अडचणीत येतो. विक्रेत्याला पूर्ण पैसे मिळालेले असतात आणि फरकाची रक्कम त्याच्याकडून परत मिळवणे हा पुढचा वाद होतो. म्हणून पैसे हातात असतानाच तपासणी झाली पाहिजे.

पॅनची स्थिती कुठे दिसते?

incometax.gov.in या संकेतस्थळावर दोन वेगळे दुवे आहेत आणि त्यांत अनेकांची गल्लत होते. लॉगिन न करता दोन्ही वापरता येतात.

'Link Aadhaar Status' येथे पॅन आणि आधार क्रमांक टाकला की दोन्हींची जोडणी झाली आहे का, विनंती पडताळणीसाठी यूआयडीएआयकडे गेली आहे का, की जोडणी झालेलीच नाही, हे कळते. हा दुवा स्वतःच्या पॅनसाठी सोयीचा. दुसऱ्याचा आधार क्रमांक मागण्याची गरज नसते आणि मागूही नये.

खरेदीदाराच्या कामाचा दुवा आहे 'Verify PAN Status'. तेथे पॅन, पॅनवरचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि एक मोबाइल क्रमांक द्यावा लागतो. त्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की पॅनची स्थिती दिसते. जन्मतारीख पॅनकार्डावर छापलेली असते, त्यामुळे विक्रेत्याच्या पॅनची प्रत हाती असेल तर हे काम पाच मिनिटांचे आहे. ते साठेखताच्या आधी करावे आणि मोठा हप्ता देण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा करावे. साठेखतात 'सर्व विक्रेत्यांचे पॅन सक्रिय असल्याशिवाय पुढील हप्ता देय होणार नाही' अशा अर्थाचे कलम वकिलाकडून घालून घेता येते.

विक्रेत्याने जोडणी कशी करायची?

काम दोन टप्प्यांचे आहे आणि पहिल्यावरच थांबणारे बरेच असतात. पहिला टप्पा शुल्काचा. संकेतस्थळावर 'e-Pay Tax' मध्ये पॅन आणि मोबाइल टाकून ओटीपी द्यायचा, 'Income Tax' निवडायचे, देयकाचा प्रकार 'Other Receipts (500)' आणि उपप्रकार पॅन-आधार जोडणीच्या विलंब शुल्काचा घ्यायचा. १,००० रुपये आपोआप दिसतात. ते भरल्याने जोडणी होत नाही. रकमेची नोंद विभागाकडे झाल्यावर 'Link Aadhaar' या दुव्यावर जाऊन पॅन, आधार क्रमांक आणि आधारवरचे नाव भरून विनंती पाठवणे हा दुसरा टप्पा.

येथे अडतात ती नावे आणि तारखा. नावात किरकोळ फरक असेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने काम भागते. नाव पूर्ण वेगळे असेल तर जोडणी होत नाही. जन्मतारीख आणि लिंग मात्र तंतोतंत जुळावे लागते.

आपल्याकडे नेमके हेच जुळत नाही. पॅन लग्नाआधीच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, असे असंख्य स्त्रियांचे आहे. तेथे मधले नाव वडिलांऐवजी नवऱ्याचे होते, आडनाव बदलते आणि काही घरांत पहिले नावही बदललेले असते. यंत्रणेच्या लेखी ती दुसरीच व्यक्ती असते. तारखेचा घोळ ज्येष्ठांचा. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावलेली पिढी अजून व्यवहार करते आहे. एका कागदावर १ जून आणि दुसऱ्यावर खरी तारीख असते. काहींच्या आधारवर केवळ जन्मवर्ष असते, त्यांच्यासाठी जोडणीच्या पडद्यावर वेगळी खूण करण्याची सोय आहे.

यावर दोन मार्ग आहेत. एक, पॅन किंवा आधार यांतले जे चुकीचे असेल ते दुरुस्त करून घेणे. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, हे ध्यानात ठेवून कुठला कागद बदलायचा ते ठरवावे. लग्नानंतरच्या नावासाठी पॅनमध्ये बदल करणे बहुधा सोपे, त्याला विवाह प्रमाणपत्र चालते. दुसरा मार्ग पॅन सेवा देणाऱ्या प्रोटियन किंवा यूटीआयआयटीएसएल यांच्या ठरावीक केंद्रांवर बोटांचे ठसे देऊन पडताळणी करण्याचा; त्याला ५० रुपये शुल्क आहे. पूर्वी एनएसडीएल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रोटियनचे पॅन सेवा कार्यालय पुण्यातच, बाणेर रस्त्यावर आहे. केंद्रावर जाण्याआधी तेथे ठशांची सोय आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. जोडणी न जुळल्याने फेटाळली गेली तर १,००० रुपये पुन्हा भरावे लागत नाहीत.

दुरुस्तीला काही आठवडे आणि सक्रिय व्हायला ३० दिवसांपर्यंत, असा हिशोब केला तर नावात फरक असलेल्या विक्रेत्याने फ्लॅट विकायला काढतानाच हे काम हाती घ्यायला हवे.

परदेशात राहणारा भाऊ आणि ऐंशी ओलांडलेली आई?

पुण्यातल्या अनेक घरांचा एक वाटेकरी परदेशात असतो. आयकर कायद्यानुसार अनिवासी असलेल्यांना, ज्यांच्याकडे आधार नाही, जोडणीतून सूट आहे. पण तो अनिवासी आहे हे विभागाला माहीत असावे लागते. मागील तीन करनिर्धारण वर्षांपैकी एकाही वर्षी त्याने अनिवासी म्हणून विवरणपत्र भरले नसेल आणि आपली स्थिती कळवलीही नसेल, तर त्याचे पॅनही निष्क्रिय दिसू शकते. त्याने आपल्या अधिकारक्षेत्राच्या आयकर अधिकाऱ्याला पॅन आणि पासपोर्टच्या प्रती देऊन निवासी स्थिती बदलून घ्यायची असते. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा नियम मुळात लागूच होत नाही. त्याच्या वाट्यावर कलम १९५ नुसार वेगळ्या दराने कर कापावा लागतो. तो हिशोब सनदी लेखापालाकडूनच करून घ्यावा.

८० वर्षे पूर्ण केलेल्यांनाही सूट आहे, असे सर्रास सांगितले जाते. मे २०१७ च्या अधिसूचनेत ती सूट आधार क्रमांक नसलेल्या व्यक्तींसाठी आहे. आईकडे आधार असेल तर वयावर विसंबून न राहता तिच्या पॅनची स्थिती तपासून घेणे बरे.

मूळ अडचण कुठे आहे?

निष्क्रिय पॅनचा भार ज्याचे पॅन आहे त्याच्यावर पडावा, हा नियमाचा हेतू होता. परतावा आणि ठेवीवरचे व्याज यांत तसेच होते. घराच्या व्यवहारात मात्र दुरुस्ती एकाच्या हातात आणि दायित्व दुसऱ्यावर असे झाले. बँका आणि कंपन्या कर कापतात तेव्हा त्यांच्याकडे टॅन क्रमांक असतो, लेखा विभाग असतो आणि पॅनची स्थिती एकगठ्ठा तपासण्याची सोय असते. आयुष्यात एकदा घर घेणाऱ्याला टॅन लागत नाही, ही त्याला दिलेली सवलतच. पण त्यामुळे त्याच्याकडे तपासणीची यंत्रणाही नसते.

दोन परिपत्रकांनी ही तफावत कमी केली, नाहीशी केलेली नाही. दोन महिन्यांची सवलतही विक्रेत्याने सहकार्य केले तरच उपयोगी पडते आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर त्याला घाई राहत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतील, पण जोडणीचे बंधन त्यातही आहे. येत्या काही महिन्यांत हप्ता देणार असाल, तर विक्रेत्याच्या पॅनची स्थिती पाहा, हप्त्याचा महिना लिहून ठेवा आणि त्यापुढचे दोन महिने मोजताना सक्रिय होण्याचे ३० दिवस वजा करा.